तीस सेकंदांची बोलकी विक्रीसंहिता

तीस सेकंदांची बोलकी विक्रीसंहिता म्हणजे छोट्या विक्रेत्याने कॅमेऱ्यासमोर एकच वस्तू हातात घेऊन तिचा उपयोग, माप आणि किंमत सांगण्यासाठी आधी लिहून ठेवलेला मजकूर. मोबाइलवर उभ्या चौकटीत चित्रित होणाऱ्या, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस किंवा इन्स्टाग्राम रीलवर टाकायच्या चित्रफितीसाठी ती वापरतात.

तीस सेकंदांत किती बोलता येते, यावर संहितेची लांबी ठरते. मराठीत स्पष्ट आणि घाई न करता बोलल्यास सेकंदाला दोन-सव्वादोन शब्द होतात. वस्तू दाखवताना थांबावे लागते ते वेगळेच. त्यामुळे साठ-पासष्ट शब्दांपुढे मजकूर गेला की विक्रेता धावत बोलू लागतो, आणि नेमके आकडेच गिळले जातात. दुकानाचे नाव, नमस्कार, ‘आज आपण पाहणार आहोत’ अशी सुरुवात या हिशेबात बसत नाही. दुकानाचे नाव पडद्यावर अक्षरांत दिलेले पुरते.

पुण्यातल्या एका विक्रेत्याला बिडाचा तवा विकायचा आहे, असे समजून केलेली संहिता पुढीलप्रमाणे:

“डोसा तव्याला चिकटतोय? हा सीझनिंग केलेला बिडाचा तवा. मध्यम आचेवर पाच मिनिटं तापवला, थोडं तेल फिरवलं, की डोसा असा सुटतो. घावन, थालीपीठही होतं. रुंदी पंचवीस सेंटीमीटर, सुमारे दहा इंच. वजन दोन किलो, म्हणून दोन्ही कान धरून उचला. धुतल्यावर लगेच पुसून तेलाचा हात लावा, नाहीतर गंज धरतो. किंमत साडेनऊशे रुपये, कर धरून. पुण्यात घरपोच साठ रुपये वेगळे. हवा असेल तर खालच्या नंबरवर ‘तवा’ लिहून पाठवा.”

हे चौसष्ट शब्द आहेत. ‘असा सुटतो’ या शब्दांवर डोसा खरोखर सुटताना दिसला पाहिजे. उपयोग सिद्ध होतो तो तिथे, वर्णनाने नव्हे. चित्रणातला तवा विकायच्या तव्यासारखाच हवा. वर्षभर वापरून गुळगुळीत झालेला तवा दाखवायचा आणि ग्राहकाला कोरा, सीझनिंग न केलेला पाठवायचा, ही दिशाभूल आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 अशा जाहिरातीला दिशाभूल करणारी जाहिरात मानतो. गंजाचे वाक्यही याच कारणासाठी राखावे, जागा कमी पडली तर ‘घावन, थालीपीठ’ काढावे.

सर्वांत जास्त चुका मापात होतात. मोबाइल वस्तूच्या जवळ नेला की पुढची वस्तू फुगून दिसते, मागची लहान. म्हणून तवा पुढे आणि माणूस मागे असा शॉट माप सांगायला निरुपयोगी ठरतो. मोजपट्टी तव्याच्या काठावर, त्याच पातळीत ठेवून वरून चित्रण करावे. कुठून कुठे मोजले हेही स्पष्ट हवे. काठापासून काठापर्यंत पंचवीस सेंटीमीटर असलेल्या, कडा उचललेल्या तव्याचा सपाट भाग त्याहून लहान असतो, आणि कान धरून मोजले तर आकडा वाढतो. विक्रेत्याने काठ ते काठ मोजावे आणि पट्टी तशीच दाखवावी. भांड्यांच्या बाजारात इंच रुळलेले असले तरी वैधमापन कायदा 2009 किमतीसोबतचे माप मेट्रिक एककांत सांगायला लावतो. म्हणून सेंटीमीटर आधी, इंच नंतर.

किंमत बोलताना ‘साडेनऊशे’ आणि पडद्यावर ‘₹950’ असे दोन्ही द्यावे, कारण बरेच लोक आवाज बंद ठेवून पाहतात. आकडा शेवटपर्यंत पडद्यावर राहू द्यावा. ‘किमतीसाठी मेसेज करा’ हे वाक्य या प्रकारात बसत नाही. तव्यासारख्या वस्तूच्या पॅकिंगवर छापील किरकोळ किंमत असेल, तर त्याहून जास्त मागता येत नाही. चित्रफीत पुढे पाठवली जाते आणि दर बदलल्यावरही फिरत राहते, म्हणून किमतीजवळ महिना आणि वर्ष लिहावे. किमतीचा शॉट वेगळा घ्यावा. दर बदलला की तेवढाच तुकडा बदलून चित्रफीत पुन्हा चालवता येते.

लिहून झालेली संहिता उभ्याने, हातात वस्तू घेऊन, घड्याळ लावून मोठ्याने वाचावी. मनातल्या मनात वाचलेली नेहमी छोटी भासते. सत्तावीस-अठ्ठावीस सेकंदांत संपली तर ठीक; तिसाव्या सेकंदाला जेमतेम पोहोचली, तर एक वाक्य कमी करावे. चित्रफीत टाकल्यावर येणारे प्रश्न हीच तिची खरी तपासणी. ‘केवढा आहे?’ असे विचारले गेले, तर मापाचा शॉट पुन्हा घ्यावा लागतो. ‘इंडक्शनवर चालेल का?’ असे विचारले गेले, तर पुढच्या संहितेत त्याचे उत्तर घ्यावे.