नमुना

एका हळद व्यापाऱ्याची नोटीस वाचनात आली : ‘आलेला माल ठरलेल्या नमुन्याशी जुळत नाही. तो आम्ही नाकारत आहोत; आगाऊ रक्कम परत करावी.’ सगळा भार ‘नमुना’ या एका शब्दावर!

शब्द फारसी. ‘नमूदन’ म्हणजे दाखवणे. आपले ‘नमूद करणे’ही त्याच घरातले. नमुना म्हणजे आधी दाखवलेले. १९३०च्या मालविक्री कायद्याचे १७वे कलम हाच अर्थ धरते : माल नमुन्याबरहुकूम हवा आणि खरेदीदाराला ताडून पाहण्याची वाजवी संधी हवी. मात्र त्याने वाजवी मुदतीत नकार कळवला नाही किंवा तपासल्यावर पोती विकली, तर माल स्वीकारल्याचे धरतात. म्हणून नोटिशीत पुढे होते : ‘पोती तशीच ठेवली आहेत, घेऊन जावीत.’ नाकारलेला माल पोचवून देणे सहसा खरेदीदाराकडे नसते. कळवले की पुरे.

मराठीत नमुना पुढे कागदाचा ठरलेला आराखडा झाला : ‘गाव नमुना सात-बारा’. आणि बोलण्यात तर अर्थ उलटलाच. ‘काय नमुना आहे!’ म्हणतो ते कोणाशीच न जुळणाऱ्या माणसाला.