हस्ते ब

फोटो मामेभावाने पाठवला. नंदुरबारच्या बाजारातलं एक किराणा दुकान पाडायला काढलं, तेव्हा माळ्यावरचे लाल कापडी बांधणीचे चोपडे रद्दीत चालले होते. एका पानावर आमच्या आजोबांचं नाव दिसलं, म्हणून त्याने तेवढं पान फोनवर टिपलं. चोपडा गेला तो गेलाच. राहिला हा एक तिरका, अर्ध्या सावलीतला फोटो.

पान गुजराती. अक्षरांना वरची रेघ नाही, आकडे बहुतेक आपल्यासारखेच, शब्द मात्र एकेका अक्षराचे. ‘गू’, ‘च’, ‘ते’, ‘मी का’. मधेच उभ्या रेघोट्या, आडव्या रेघोट्या. डोक्यावर संवत २०१३, चैत्र.

मामा बँकेतून निवृत्त झालेत. त्यांनी चष्मा लावून लगेच निकाल दिला. “अठ्ठ्याहत्तर वजा कर. १९३५. म्हणजे हे बाबांचं खातं नव्हेच, बाबा तेव्हा पाळण्यात.” अठ्ठ्याहत्तर हा आकडा त्यांना बरोबर आठवत होता; फक्त तो शकाचा, आणि तोही मिळवायचा असतो. गुजराती संवत दिवाळीला बदलतो. दिवाळी ते डिसेंबर सत्तावन्न वजा, पुढे जानेवारीपासून छप्पन्न. चैत्र म्हणजे छप्पन्न. साल निघालं १९५७.

आजीला विचारलं तर तिने प्रश्न वेगळाच घेतला. “आम्ही कुणाचं बुडवलेलं नाही,” म्हणाली. “दिवाळीला खातं चुकतं करायचे हे.”

शेवटी काकांकडे गेलो. त्यांचे वडील त्याच दुकानात मुनीम. काका आता ऐंशीच्या घरात. बारा वर्षांचे असताना शाळा सुटल्यावर पेढीवर बसायचे, वडील बोलतील ते उतरवायचे. फोटो त्यांनी बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला आणि आधी गोष्ट सांगितली. व्यापाऱ्यांच्या जुन्या लिहिण्यात काना-मात्रा टाकायचा कंटाळा. एका पेढीवरून चिठ्ठी गेली, काकाजी अजमेर गये. घरच्यांनी वाचलं, काकाजी आज मर गये. रडारड सुरू. “आमचे बापुजी एवढे आळशी नव्हते,” काका म्हणाले. “पण घाईत तेही मात्रा खायचे.”

मग वाचायला लागले. त्या कागदावर रेघा आखलेल्या नसायच्या. पान उभं दुमडून सळ पाडायचे, तीच रेघ. आधी रक्कम, मग तिथी आणि माल. रक्कम रुपये-आण्यांत. पूर्ण रुपये आकड्यात. उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन उभ्या म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. आणि एकेक आडवी रेघ एकेक आण्याची. मागची बाकी ७॥।= लिहिली होती, म्हणजे सात रुपये चौदा आणे. मालापुढेही त्याच उभ्या रेघा, पण तिथे त्या शेराच्या. ‘गू ॥’ म्हणजे अर्धा शेर गूळ, ‘ते ।’ म्हणजे पावशेर तेल. कुठल्या बाजूला लिहिलंय एवढ्यावरून पैसा की वजन ते ठरायचं.

मी घरी एक यादी करून नेली होती. गूळ तीन आणे, ‘च’ सहा आणे, तेल सहा आणे, मीठ-काडी दोन आणे, आणि खाली एक नुसता ‘प’. तो मी ‘परत’ असा लावला होता. आजोबांनी काहीतरी परत केलं असणार.

काकांनी यादीकडे पाहिलंही नाही. फोटोतला उजव्या कडेचा बारीक रकाना दाखवला. “चालती बेरीज आधी वाच. ती खोटं बोलत नाही.” सातवर चौदा आणे, त्यात गूळ, कडेला ८-. आठ रुपये एक आणा, बरोबर. पुढे ‘च’. माझ्या हिशेबाने सहा आणे, म्हणजे आठ रुपये सात आणे यायला हवेत. कडेला होतं ८≡, आठ रुपये तीन आणे. म्हणजे ‘च’ दोनच आण्यांचा. मी जी चार आण्यांची उभी रेघ वाचली होती ती शाई नव्हतीच. कागदाचा सळ होता, फोटोत सावली पडून काळा झालेला. पुढे तेल धरून ८॥-, मीठ-काडी धरून ८॥≡. आठ रुपये अकरा आणे. आणि त्या ‘प’नंतर एकदम ३॥≡.

“पाच गेले,” काका म्हणाले. गुजराती पाच दिसतो तो आपल्या बिनरेघेच्या ‘प’सारखा. आजोबांनी काही परत केलं नव्हतं, पाच रुपये जमा केले होते.

त्याखाली आडवी रेघ मारून वेगळ्याच ढंगात लिहिलं होतं, ३.६९. एक एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. जुनी नाणीही चालत होती, त्यामुळे दुकानाने महिनाभर आणेच चालवले आणि मग बाकी एकदम नव्या पैशांत ओढली.

मामांनी हे ऐकलं आणि रात्री कागद घेऊन बसले. सरकारी कोष्टक त्यांना पाठ. आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात, पण अर्धा किंवा त्याहून कमी तुकडा सोडून द्यायचा. म्हणून दोन आण्यांचे साडेबारा नाही, बारा. तीनचे एकोणीस, सहाचे सदतीस, चौदाचे सत्त्याऐंशी. त्यांनी एकेक ओळ बदलली: ७.८७, गूळ १९, ‘च’ १२, तेल ३७, मीठ-काडी १२. बेरीज ८.६७. पाच वजा, ३.६७. “बघ, शेठने दोन पैसे खाल्ले.”

मी काकांना फोन केला. ते हसले. अकरा आण्यांचे एकोणसत्तर, कोष्टकात बघा म्हणावं. मामांनी जवळजवळ प्रत्येक ओळीतला तुकडा सोडला, बापुजींनी बेरजेतला एकदाच धरला. मामांच्या पद्धतीने गेले असते तर दोन पैसे दुकानाचे बुडाले असते.

मामा गप्प बसले नाहीत, आणि त्यांचं सगळंच चुकलं असंही नाही. “उधारीचं सोड. रोख सुट्ट्याचं बोल.” जुना एक पैसा म्हणजे दीडाहून किंचित जास्त नवा पैसा, कोष्टकाने तो दोन झाला. पैशाची बडीशेप चार वेळा घेतली की पूर्वी आणा, म्हणजे सव्वासहा पैसे, आता आठ. खातं असणाऱ्याचं काही गेलं नाही. पोरंटोरं आणि रोजंदारीवाले घासले गेले. काकांना हे सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, “गल्ल्यावर मी नव्हतो.”

‘च’ तेवढा राहिला होता. मला तो चणे वाटला. काका म्हणाले, चणे असते तर वजनाच्या रेघा असत्या. इथे रेघ नाही, म्हणजे पुडी. दोन आण्यांची चहाची पुडी. शेजारी ‘ह. ब’. ‘ह’ म्हणजे हस्ते, माल कोणाच्या हाती दिला ते. ‘ब’पुढची मात्रा बापुजींनी खाल्लेली. बा असेल, बाई असेल, बबन-बाबू कोणीही असेल.

घरी येऊन आजीला सांगितलं. ती एकदम ताठ झाली. “चहा? आमच्या सासूबाईंनी असेपर्यंत उंबऱ्याच्या आत चहा येऊ दिला नाही. दूध प्या म्हणायच्या.” मग जरा थांबून, “सासूबाईंना गावातले गुजराती बा म्हणायचे.”

“आणि तुला?”

“मला कशाला कोण काय म्हणेल? नवी नवरी. बाई म्हणत असतील.”

मामा म्हणाले, सालगडी होता तो बबन. आजी म्हणाली, बबन नंतर आला. मग तिने फोन मागितला, उलटा धरला, सरळ केला, त्या ओळीवर बोट ठेवलं. बोट लागून फोटो मोठा झाला आणि नुसता ‘ब’ पडदाभर पसरला.

“बंद कर ते,” आजी म्हणाली, आणि आधण ठेवायला आत गेली.