तीन शब्द आणि एक जुने चरित्र : ‘मूल गोसाईं चरित’

जुने म्हणून पुढे आलेले एखादे चरित्र खरोखर जुने आहे की नाही, हे कशावरून ओळखायचे? कागद, शाई, अक्षराचे वळण हे तज्ज्ञांचे काम झाले. पण पुष्कळदा आपल्या हातात फक्त छापील मजकूर असतो. मग मजकुरालाच प्रश्न विचारावे लागतात. त्यातला नेमका प्रश्न असा, की जी गोष्ट त्या काळात असूच शकत नव्हती, ती इथे आली कुठून? यालाच आपण कालविपर्यास म्हणतो. आज आपण एकच उदाहरण घेऊ, ते म्हणजे तुलसीदासांचे ‘मूल गोसाईं चरित’.

आधी पार्श्वभूमी बघू. शिवसिंह सेंगर यांनी एकोणिसाव्या शतकात ‘शिवसिंह सरोज’ हा हिंदी कवींचा परिचयग्रंथ केला. त्यात एक उल्लेख येतो, की तुलसीदासांचे शिष्य बेनीमाधवदास यांनी गुरूंचे मोठे चरित्र लिहिले होते. ते चरित्र पुढे कुणाला सापडेना. आणि मग 1925 च्या सुमारास एक छोटा पद्यग्रंथ प्रकाशात आला. लेखक बेनीमाधवदास, रचना संवत् 1687, म्हणजे इसवी सन 1630. तुलसीदासांचे निधन संवत् 1680 चे. म्हणजे हा अवघ्या सात वर्षांनंतरचा, प्रत्यक्ष शिष्याचा पुरावा झाला! मोठ्या चरित्राचा हा संक्षेप आहे, असेही सांगितले गेले.

आता इथेच थोडे थांबले पाहिजे. हरवलेल्या ग्रंथाचा उल्लेख छापला गेला, की त्या नावाची एक रिकामी जागा तयार होते. ती भरणारा ग्रंथ नंतर मिळाला तर तो खराही असू शकतो, किंवा ती जागा बघूनच कुणी तो तयार केलेला असू शकतो. त्यामुळे जुना उल्लेख आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

या ग्रंथात आणखी एक आकर्षण होते. जन्म, विवाह, ग्रंथरचना, भेटीगाठी, सगळ्याला संवत् आहे, कित्येक ठिकाणी तिथी आणि वारही. काही तिथिवार गणिताने जुळतात, म्हणून श्यामसुंदरदासांसारख्या मान्यवर अभ्यासकांनी त्याला प्रमाण मानले. पण तिथी-वार जुळणे हा जुनेपणाचा पुरावा नव्हे. आपल्या महाराष्ट्राचे शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि रॉबर्ट सेवेल यांचा ‘द इंडियन कॅलेंडर’ 1896 मध्येच निघाला होता. जुन्या तिथीचा वार काढण्याची कोष्टके तेव्हापासून उपलब्ध होती. आम्ही असे म्हणत नाही, की कुणी ती कोष्टके वापरलीच. एवढेच म्हणतो, की 1925 साली हे गणित जमण्यात नवल काही नव्हते.

मग मजकुरात शिरू. संवत् 1616 मध्ये तुलसीदास चित्रकूटजवळ असताना सूरदास त्यांना भेटायला आले, असे चरित्र सांगते. त्यांना पाठवले कुणी, तर वल्लभ संप्रदायाच्या गोकुलनाथजींनी. आता गोकुलनाथांचा जन्म संवत् 1608 चा, म्हणजे त्या वेळी ते आठ वर्षांचे होते. आठ वर्षांचे मूल वयोवृद्ध सूरदासांना कृष्णभक्तीची दीक्षा मुरवून कुठे धाडेल, हे पटत नाही. पण नंतरच्या माणसाच्या हातून ही चूक सहज होते. त्याला गोकुलनाथ दिसतात ते संप्रदायातले एक मोठे आचार्य म्हणून. ते केव्हा मोठे झाले, हे त्याच्या डोळ्यांपुढे नसते.

लगेच पुढे मेवाडहून मीराबाईंचे पत्र येते. मीराबाईंचे निधन सामान्यतः संवत् 1603 च्या आसपास मानतात, म्हणजे पत्र तेरा वर्षे उशिरा आले! पण हा पुरावा आपण थोडा हलक्या हाताने वापरावा. मीराबाईंचा काळ स्वतःच वादाचा आहे. ज्या तारखेने तपासायचे, तीच डळमळीत असेल तर त्या तपासणीला अर्थ उरत नाही. म्हणून गोकुलनाथांचा मुद्दा भक्कम आणि मीराबाईंचा दुय्यम, असा फरक करायला हवा.

आता तिसरी जागा, आणि आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या माणसाला ती विशेष बोलकी वाटते. रामचरितमानस पूर्ण झाल्यावर काशीत त्यावर साक्षात शंकरांची सही उमटली आणि दिव्य अक्षरांत शब्द दिसले : सत्यं शिवं सुंदरम्. वाचताना आपल्याला काहीच खटकत नाही, हो ना? दूरदर्शनमुळे हे शब्द घराघरात गेले, शिवाय इथे सही शंकरांची, तेव्हा ‘शिवं’ अगदी चपखल बसते.

पण हे शब्द सुटे करून पाहा. तैत्तिरीय उपनिषदात ‘सत्य’ येते ते ‘ज्ञान’ आणि ‘अनंत’ यांच्या सोबत. मांडूक्यात ‘शिव’ येते ते ‘शांत’ आणि ‘अद्वैत’ यांच्या सोबत. सौंदर्याचा विचार आपल्याकडे झाला तो मुख्यतः रसाच्या अंगाने. शब्द तिन्ही जुने, पण ‘सत्य, चांगले, सुंदर’ असे परममूल्यांचे त्रिकूट युरोपीय विचारातले आहे. त्याची मुळे प्लेटोपर्यंत नेता येतात. फ्रेंच तत्त्वज्ञ व्हिक्टर कूझँ यांचा याच तीन विषयांवरचा ग्रंथ 1853 चा. बंगालमध्ये ब्राह्मो समाजाच्या वर्तुळात या त्रिकुटाला संस्कृत रूप मिळाले आणि तिथून ते बंगाली व हिंदी समीक्षेत आले. आचार्य रामचंद्र शुक्लांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात नेमके यावरच बोट ठेवले. ब्राह्मो समाजाची स्थापना 1828 ची, आणि चरित्र म्हणते 1630. त्या साली काशीत हे त्रिकूट कुणाला सुचणार?

इथे एक रास्त शंका येते. मूळ चरित्र जुनेच असेल आणि तेवढी ओळ नंतर कुणी घुसडली असेल तर? शक्य आहे. जुन्या पोथ्यांत असे झालेले आहे. त्याची कसोटी अशी, की ती ओळ काढून टाका आणि उरलेले सुरळीत राहते का ते पाहा. इथे ते राहत नाही. गोकुलनाथांची अडचण मानसच्या प्रसंगात नाही, ती सूरदासांच्या भेटीत आहे. दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या प्रकारची विसंगती निघते, तेव्हा एका ओळीवर दोष ढकलून चालत नाही. संशय सबंध रचनेवरच जातो.

मग यातले सगळेच टाकायचे का? तसेही नाही. तुलसीदासांची निधनतिथी हे चरित्र श्रावण कृष्ण तृतीया देते. प्रचलित दोह्यात शुक्ल सप्तमी होती. शुक्लांनी तृतीयाच ग्राह्य धरली, पण कारण वेगळे दिले : तुलसीदासांचे स्नेही टोडर यांचे वंशज त्याच तिथीला त्यांच्या नावाने शिधा देत आले होते. म्हणजे माहिती टिकली ती त्या घरच्या वहिवाटीच्या जोरावर, चरित्राच्या जोरावर नव्हे.

उलट जन्माचे पाहा. चरित्रात संवत् 1554 आहे. ते धरले तर तुलसीदास एकशे सव्वीस वर्षे जगले आणि त्यांनी मानसला आरंभ केला तो सत्त्याहत्तराव्या वर्षी. मानसचा आरंभ संवत् 1631 चा, हे स्वतः तुलसीदासांनी मानसमध्येच सांगितले आहे, त्याला धक्का नाही. जन्मसालाला मात्र असा आधार दाखवावा लागेल. आजही अनेक पुस्तकांत 1554 हे साल, किंवा त्याचे इसवी रूप 1497, बिनदिक्कत छापलेले दिसते. ते कुठे दिसले, तर लेखकाने ते कशावरून घेतले हे आधी पाहावे. माग या चरित्रापाशीच संपत असेल, तर त्या सालावर पुढचे काही उभारू नये.