आईच्या खात्यावर मुलीची सही: अधिकार कुठपर्यंत चालतो आणि कुठे थांबतो

आईवडील थकले की बँकेची कामे घरातल्या एखाद्या विश्वासू माणसाकडे येतात. बहुतेक घरांत त्यासाठी दोनच मार्ग माहीत असतात. एक म्हणजे एटीएम कार्ड आणि पिन मुलाच्या हाती देणे, आणि दुसरा म्हणजे खात्यावर त्याचे नाव चढवणे. पहिल्या मार्गात पैसे कोणी काढले याचा पुरावा राहत नाही. दुसऱ्या मार्गात, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' अशी नोंद असेल तर मुलगा आईइतक्याच हक्काने संपूर्ण खाते रिकामे करू शकतो. 'पहिला खातेदार किंवा हयात असलेला' अशी नोंद असेल तर आई हयात असेपर्यंत त्याला काहीच करता येत नाही. म्हणजे एका नोंदीत अधिकार गरजेपेक्षा जास्त मिळतो आणि दुसरीत तो मिळतच नाही.

या दोन्हींच्या मधला मार्ग म्हणजे अधिकारपत्र. बँकेत याला 'मँडेट' किंवा 'लेटर ऑफ ऑथॉरिटी' म्हणतात. येथे आम्ही त्याचीच माहिती देत आहोत.

अधिकारपत्र म्हणजे काय?

खाते आईचेच राहते आणि पैसेही तिचेच राहतात. अमुक व्यक्तीच्या सहीने माझ्या खात्यातून पैसे द्यावेत, एवढेच ती बँकेला लिहून देते. अर्ज बँकेच्या शाखेत मिळतो. त्यावर आईची सही, अधिकार मिळणाऱ्या व्यक्तीच्या सहीचा नमुना, तिचा फोटो, आधार आणि पॅन लागतात. आईने अधिकाऱ्यासमोर सही केलेली उत्तम. ती शाखेत येऊ शकत नसेल तर घरी येऊन सही घेण्याची सोय आहे का, हे विचारावे. सत्तर वर्षांवरील ग्राहकांना काही मूलभूत सेवा घरी देण्याची व्यवस्था करावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना कळवले आहे.

अर्जात काय करता येईल आणि काय करता येणार नाही, हे स्पष्ट लिहावे. पैसे काढणे, धनादेश देणे आणि पासबुक भरून घेणे एवढा अधिकार घरखर्चाला पुरतो. मुदत ठेव मोडणे, कर्ज घेणे, खाते बंद करणे, वारसनोंद म्हणजे नॉमिनी बदलणे आणि मोबाईल क्रमांक बदलणे ही कामे आईच्या सहीशिवाय होणार नाहीत, असे त्यात नमूद करावे.

मर्यादा खात्यातच घाला

दर महिन्याला दहा हजारांपर्यंतच काढता येतील, अशी अट कागदावर लिहिता येते. पण काउंटरवरचा कर्मचारी प्रत्येक वेळी ती तपासेलच असे नाही. म्हणून आम्ही दोन खात्यांची पद्धत सुचवतो. ती एका कल्पित उदाहरणातून पाहू.

नागपूरच्या एका ७६ वर्षांच्या आईला महिन्याला १८ हजार रुपये कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्याच खात्यात बचत आणि चार लाखांची ठेव आहे. मुलगी जवळ राहते, मुलगा पुण्याला. निवृत्तिवेतनाचे खाते आईने एकटीच्या नावावर ठेवले. त्याच शाखेत दुसरे बचत खाते उघडले आणि दर महिन्याच्या पाच तारखेला पहिल्या खात्यातून बारा हजार रुपये दुसऱ्यात जावेत, अशी स्थायी सूचना बँकेला दिली. अधिकारपत्र फक्त दुसऱ्या खात्यावर, मुलीच्या नावे केले. आता मुलीच्या हाताखाली एका वेळी महिन्याच्या खर्चाइतकीच रक्कम असते. औषधांचा मोठा खर्च आला तर जादा रक्कम आई स्वतः सही करून वळवते.

दोन्ही खात्यांचे एसएमएस आईच्याच क्रमांकावर येऊ द्यावेत. पासबुक दर महिन्याला भरून पुण्याच्या भावाला त्याचा फोटो पाठवला की बहिणीवर पुढे कोणी संशय घेत नाही. पासबुकात एटीएमने पैसे काढल्याच्या न ओळखीच्या नोंदी दिसल्या किंवा आईच्या फोनवर एसएमएस यायचे थांबले, तर लगेच शाखेत चौकशी करावी.

हात चालत नाही, पण समजते

समजा, आईला अर्धांगवायू झाला. हात हलत नाही, पण बोललेले सगळे समजते. अशा वेळी अधिकारपत्र संपत नाही, आणि निवृत्तिवेतनाच्या खात्यातले पैसेही अडकत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार आईचा हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी तो ओळखायचा, आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असायचा. ठसाही उमटवता येत नसेल तर एखादी खूण चालते. पैसे कोण नेणार हे आईने दाखवून द्यायचे, त्या व्यक्तीलाही दोन साक्षीदारांनी ओळखायचे, आणि तिची सही बँक घेते. "सही जुळत नाही, पैसे मिळणार नाहीत" असे उत्तर आले तर शाखा व्यवस्थापकाकडे याच पद्धतीची लेखी मागणी करावी.

समजणे थांबले, की अधिकारही थांबला

इथेच बहुतेक घरे चुकतात. मुलगी आईच्या वतीने सही करते ती आईच्या इच्छेवर. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे, अधिकार देणाऱ्याची समज गेली किंवा त्याचा मृत्यू झाला की असा अधिकार संपतो. नोंदणीकृत मुखत्यारपत्रालाही हे लागू आहे. म्हणून "पुढे आई आजारी पडली तर उपयोगी पडेल" या आशेने केलेले मुखत्यारपत्र स्मृतिभ्रंशात किंवा कोमात कामाला येत नाही. अशा वेळी बँक न्यायालयाचा आदेश मागते. मुंबई उच्च न्यायालयासह काही उच्च न्यायालयांनी कोमातल्या रुग्णांसाठी पालक नेमण्याचे आदेश दिले आहेत, पण त्यासाठी वकील, वैद्यकीय अहवाल आणि वेळ लागतो. स्मृतिभ्रंशाचे निदान सुरुवातीलाच झाले असेल तर ठेवी, नॉमिनी आणि मृत्युपत्र यांची कामे आईला समजते आहे तोवरच उरकावीत.

मृत्यूनंतर एक रुपयाही नाही

आई गेली त्या क्षणी अधिकारपत्र संपते. अंत्यविधीच्या खर्चासाठी म्हणून त्या सहीने किंवा एटीएमने काढलेले पैसेही वारसांचे असतात, आणि त्याचा हिशेब पुढे मागितला जातो. मृत्यूनंतरच्या काळाचे निवृत्तिवेतन खात्यात जमा झाले तर ते सरकारला परत करावे लागते. म्हणून मृत्यूचा दाखला मिळताच बँकेला लेखी कळवावे आणि धनादेश पुस्तिका परत करावी. त्यानंतर बँक पैसे नॉमिनीला देते. पण नॉमिनीही मालक होत नाही, तो कायदेशीर वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारतो. मुलगी नॉमिनी असली तरी पुण्याच्या भावाचा वाटा तसाच राहतो.

आई हयात असताना तिला अधिकार काढून घ्यायचा असेल तर साध्या कागदावर अर्ज पुरतो. कारण देण्याची गरज नाही. फक्त अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यावी, आणि मुलीने आधी दिलेले धनादेश वटवू नयेत, असे वाटत असेल तर त्यांचे क्रमांक त्याच अर्जात लिहावेत.