इतिवृत्ताचा पूर्वसांगाडा

सभा भरण्यापूर्वी विषयपत्रिकेच्या आधारे तयार केलेला इतिवृत्ताचा अपुरा मसुदा. सभेत काय ठरले तेवढ्यापुरत्या जागा त्यात मोकळ्या ठेवतात आणि सभा संपताच त्या भरून इतिवृत्त पुरे करतात. कंपन्यांची संचालक मंडळे, शाळांच्या समित्या, ग्रामपंचायती अशा सगळीकडे ही पद्धत चालते. सहकारी गृहनिर्माण संस्थांत तिचा उपयोग सर्वात ठळक दिसतो. तिथला सचिव बहुधा नोकरी सांभाळून बिनपगारी काम करणारा सभासद असतो, आणि ‘प्रोसिडिंग लिहायचं राहिलंय’ हे त्याच्या तोंडचे नेहमीचे वाक्य असते. पुढील विवेचन महाराष्ट्रातील अशा संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला धरून केले आहे.

ही सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची सूचना विषयपत्रिकेसह पूर्ण 14 दिवस आधी सभासदांच्या हाती पडावी लागते. सूचना निघते तेव्हाच इतिवृत्ताचा बराच भाग ठरलेला असतो. संस्थेचे नाव व नोंदणी क्रमांक, सभेची तारीख, वेळ व ठिकाण, सभासदांची यादी, विषयांचा क्रम, ताळेबंदाचे आकडे, लेखापरीक्षकाचे शेरे, आलेली दरपत्रके यांतले काहीही सभेत घडायचे नसते. हा मजकूर सभेनंतर थकल्या डोक्याने लिहिण्याऐवजी आधी निवांतपणे, कागदपत्रे समोर ठेवून लिहिला तर आकडे चुकत नाहीत, आणि सभेनंतर केवळ निर्णयांकडे लक्ष देता येते.

सांगाड्यात प्रत्येक विषयाचे तीन भाग करतात: पार्श्वभूमी, चर्चा आणि ठराव. पार्श्वभूमी पूर्ण लिहायची, तीही शेवटच्या इतिवृत्ताच्या भाषेत, म्हणजे भूतकाळात. ‘सचिव दरपत्रके मांडतील’ असे लिहिले तर नंतर प्रत्येक क्रियापद बदलत बसावे लागते आणि एखादे ‘मांडतील’ तसेच राहून जाते. चर्चेखाली चार-पाच ओळी कोऱ्या सोडायच्या. ठरावाखाली ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, बाजूने, विरोधात, तटस्थ अशी नावे लिहून पुढे रिकामी जागा ठेवायची. विषय क्रमांक आणि ठराव क्रमांक एकच धरू नयेत. एका विषयातून दोन ठराव निघू शकतात, आणि अहवालाची नुसती नोंद घेतली तर एकही निघत नाही.

संगणकावर लिहिताना रिकाम्या जागी केवळ टिंबे न देता एरवी मजकुरात कधीच न येणारी खूण द्यावी, उदाहरणार्थ @@. छापण्यापूर्वी ही खूण शोधली की कोणती जागा भरायची राहिली ते लगेच कळते. टिंबांच्या ओळी डोळ्यांना सवयीच्या होतात आणि निसटतात.

समजा, 30 सदनिकांच्या एका संस्थेच्या सभेत सहावा विषय जुन्या लिफ्टच्या नूतनीकरणाचा आहे. सभेच्या आदल्या दिवशी सांगाड्यात एवढे लिहून होते: ‘विषय 6. लिफ्टच्या नूतनीकरणासाठी आलेल्या दरपत्रकांचा विचार करून निर्णय घेणे. सचिवांनी तीन दरपत्रके सभेपुढे वाचून दाखवली. त्यांच्या रकमा, करांसह, अनुक्रमे रु. 7,80,000, रु. 8,45,000 व रु. 9,10,000 अशा होत्या. दुसऱ्या दरपत्रकात पाच वर्षांच्या देखभालीचा समावेश असून इतर दोहोंत तो एक वर्षाचा होता. दुरुस्ती निधीत रु. 6,20,000 शिल्लक असल्याचे खजिनदारांनी सांगितले. चर्चा: @@. ठराव क्र. @@: @@. सूचक @@, अनुमोदक @@. बाजूने @@, विरोधात @@, तटस्थ @@.’

सभेला 22 सभासद आले. अशा संस्थेत गणपूर्तीसाठी एकूण सभासदांपैकी दोन-तृतीयांश किंवा 20, यांतली कमी असेल ती संख्या लागते. इथे दोन्ही हिशेबांनी 20 येतात, तेव्हा सभा वेळेवर सुरू झाली. लिफ्टच्या विषयावर तळमजल्यावरील एका सभासदाने हरकत घेतली की आपण लिफ्ट वापरत नाही, तर वर्गणी का द्यावी. लिफ्टचा खर्च वापर कितीही असो, सर्व सदनिकांवर सारखाच बसतो, असे उपविधींचा आधार देऊन अध्यक्षांनी सांगितले. दुसरा पुरवठादार बोलणी केल्यास आठ लाखांवर येईल, असे एका सभासदाने सुचवले. शेवटी दुसरे दरपत्रक रु. 8,00,000 पर्यंत घासाघीस करून स्वीकारायचे, त्यातले रु. 5,00,000 दुरुस्ती निधीतून द्यायचे आणि उरलेल्या रु. 3,00,000 साठी प्रत्येक सदनिकेकडून रु. 10,000 दोन हप्त्यांत घ्यायचे, असे 17 विरुद्ध 3 मतांनी ठरले. दोघे तटस्थ राहिले.

सभेच्या धांदलीत सचिवाने सांगाड्यावर पेनाने टिपले ते इतकेच: ‘तळमजला – हरकत – उपविधी, समान. 2 नंबर, 8 लाखांपर्यंत. 5 निधी, 10 हजार × 30, 2 हप्ते. 17-3-2.’ सूचक-अनुमोदकांची नावे जागच्या जागी लिहिली. याहून अधिक टिपायचा प्रयत्न केला तर पुढचे बोलणे कानावरून जाते. मात्र पुढच्या विषयाकडे वळण्यापूर्वी ठराव मोठ्याने वाचून दाखवलाच पाहिजे. या उदाहरणात वाचन झाले तेव्हा कोणीतरी विचारले की पुरवठादार आठ लाखांवर आला नाही तर काय. मग ‘तसे झाल्यास विषय पुन्हा सभेपुढे आणावा’ ही ओळ ठरावात भरली. ती ओळ सचिवाने घरी जाऊन स्वतःच्या मनाने घातली असती, तर दोन महिन्यांनी तिच्यावरच भांडण झाले असते.

सभेनंतर जागा भरण्याचा क्रमही ठरलेला असावा. प्रथम ठराव, मतांचे आकडे व नावे लिहावीत, कारण तीच सर्वात आधी विसरतात आणि तीच सर्वात महाग पडतात. मग उपस्थिती स्वाक्षरीपटावरून घ्यावी, आठवणीवरून नव्हे. चर्चा शेवटी लिहावी व थोडक्यात लिहावी: कोणता मुद्दा आला, त्याला काय उत्तर मिळाले, निर्णयावर त्याचा काय परिणाम झाला. वरच्या उदाहरणात तळमजल्याची हरकत नोंदवलीच पाहिजे, कारण वर्गणीचा वाद उपनिबंधकांकडे गेला तर हीच नोंद पाहिली जाईल. त्यानंतर त्याच सभासदाने पार्किंगबद्दल काय ऐकवले, ते सोडून द्यावे. सांगाडा नीट असेल तर दहा विषयांच्या सभेचे इतिवृत्त त्याच रात्री तासाभरात पुरे होते. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी वाचायचे, नजरेतून सुटलेले त्यांच्याकडून भरून घ्यायचे, की मसुदा तयार.

उपविधींनी दिलेली मुदत खूप सैल आहे. आदर्श उपविधींनुसार समितीने सर्वसाधारण सभेचा मसुदा तीन महिन्यांत निश्चित करायचा, मग 15 दिवसांत तो सभासदांना द्यायचा आणि सभासदांनी आणखी 15 दिवसांत हरकती कळवायच्या. बरेच सचिव ही तीन महिन्यांची मुदत लिहायला बसण्याची तारीख समजतात, पण ती समितीपुढे मसुदा मंजूर होण्याची शेवटची तारीख आहे. तीन महिन्यांनी 17-3-2 हे आकडे कोणालाही आठवत नाहीत. कंपन्यांबाबत कायदा कडक आहे. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार सभा संपल्यापासून 30 दिवसांत इतिवृत्त वहीत नोंदले जावे लागते, आणि संचालक मंडळाच्या सभेचा मसुदा 15 दिवसांत संचालकांकडे जायला हवा, असे कंपनी सचिवांच्या संस्थेचे सचिवीय मानक सांगते. त्यामुळे तिथे पूर्वसांगाड्याशिवाय काम करणारा सचिव सापडणे कठीण.

या पद्धतीचा खरा धोका सांगाड्यात निर्णय आधीच लिहून ठेवण्याचा आहे. ‘सर्वानुमते मंजूर करण्यात आले’ ही ओळ छापून ठेवली की सभेत तिघांनी विरोध केला तरी ती तशीच राहते. काही संस्थांत तर ठराव समितीच्या बैठकीतच पक्का करतात आणि सर्वसाधारण सभेच्या नावाने वहीत चढवतात. त्याला इतिवृत्त म्हणता येत नाही. पार्श्वभूमीतही हाच दोष शिरू शकतो. तीनपैकी एकाच दरपत्रकाची वाखाणणी सांगाड्यात केली, तर निर्णय कुठे जाणार हे सभेआधीच दिसते. म्हणून पार्श्वभूमीत आकडे व कागदांतील तपशील एवढेच ठेवावेत. प्रस्तावित ठरावाचा मसुदा सभेला द्यायचाच असेल, तर तो वेगळ्या कागदावर ‘प्रस्ताव’ म्हणून द्यावा, सांगाड्यात नको.

दुसरा नेहमीचा घोळ गेल्या वर्षीच्या फाइलवरून सांगाडा काढल्याने होतो. जुन्या लेखापरीक्षकाचे नाव, मागचे आर्थिक वर्ष, बदललेल्या खजिनदाराची स्वाक्षरीची जागा या गोष्टी नव्या इतिवृत्तात शिरतात. वाचणाऱ्याच्या हे लवकर लक्षात येते. स्वाक्षरीपटावर 22 नावे असताना मतांची बेरीज 24 होते, किंवा विकली गेलेली सदनिका अजून जुन्या मालकाच्या नावावर हजर दिसते. यावर उपाय सोपा आहे. मतांची बेरीज स्वाक्षरीपटाशी पडताळायची, आणि एखादा सभासद मध्येच उठून गेला असेल तर तसे लिहायचे. सांगाडा नेहमी मजकूर काढून टाकलेल्या मूळ नमुन्यावरून काढावा, मागच्या इतिवृत्तावरून काढू नये.

ही पद्धत सगळ्या सभांना सारखी लागू पडत नाही. पुनर्विकासाच्या सभेत विषय एकच असतो आणि चर्चा तीन तास चालते. तिथे सांगाड्याचा उपयोग शीर्षक व दरपत्रकांच्या तक्त्यापुरता असतो, बाकीचे वेगळ्या नोंदवहीत टिपावे लागते. विषयांचा क्रम सभेत बदलला तर इतिवृत्तात प्रत्यक्षातला क्रम ठेवावा आणि विषयपत्रिकेतला क्रमांक पुढे द्यावा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ याखाली एक कोरे पान ठेवतात. त्यात तक्रारी व सूचना याव्यात. मोठ्या खर्चाचा ठराव आयत्या वेळी घेतला तर तो पुढे टिकत नाही, कारण जे आले नाहीत त्यांना त्याची सूचनाच नव्हती.

इतिवृत्ताची वही बांधीव असेल तर सांगाडा त्या वहीत कधीच लिहू नये. तो सुट्या कागदावर किंवा संगणकावर करावा आणि पक्का मजकूर वहीत उतरवावा. वहीत मोकळी जागा राहू देऊ नये, राहिलीच तर तिरपी रेघ मारून बंद करावी. पेनाने भरलेला मूळ सांगाडा मात्र लगेच फाडू नये. सभासदांच्या हरकतींची मुदत संपून पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम होईपर्यंत तो स्वाक्षरीपटाबरोबर फाइलमध्ये ठेवतात. कोणी ‘मी विरोधात होतो’ असे म्हणाले, तर तो काढून पाहता येतो.