बोटावरचा आंबा : ग्लुकोमीटरच्या चुकांचा छोटा इतिहास

आज सुरुवात घरातल्याच एका गोष्टीने करतो.

मे महिना, दुपारचे साडेबारा. माझी आत्या स्वयंपाकघरात आमरसासाठी आंबे पिळत होती. तिला वीसएक वर्षांपासून मधुमेह आहे आणि ती जेवणाआधी इन्सुलिन घेते. हात फडक्याला पुसले, स्पिरिटचा बोळा बोटावरून फिरवला, टोचलं, पट्टीला रक्त लावलं. मशीनवर आकडा आला ३१८. डॉक्टरांनी तिला कागदावर तक्ता लिहून दिलेला आहे. तीनशेच्या वर असेल तर नेहमीच्या डोसवर जास्तीचे सहा युनिट. तिने पेन हातात घेतलंसुद्धा.

आता तिच्या बाबतीत एक युनिट साखर अंदाजे ३० ते ४० ने उतरवतं, हे तिच्या वहीवरून आम्हाला माहीत होतं. प्रत्येकाचं हे प्रमाण वेगळं असतं, पण तिचं हे. म्हणजे सहा युनिट १८० ते २४० ने खाली आणणार. ३१८ खरे असतील तर ठीक. पण सकाळी उपाशीपोटी ११० होते, नाश्ता नेहमीचाच झाला होता, तहान नाही, वारंवार लघवीला जाणं नाही. मग ३१८ आले कुठून? मी म्हटलं, आत्या, साबणाने हात धू आणि पुन्हा बघ. तिने नाखुशीनेच धुतले, कारण एक पट्टी वाया जाते ना! दुसरा आकडा आला १२६. आता १२६ मधून १८० वजा करून बघा.

ही चूक मशीनची की माणसाची? मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर इतिहासात नीट सापडतं. रक्तातली साखर मोजण्याच्या तंत्रात चूक कधी पूर्ण नाहीशी झालेली नाही. ती फक्त एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी जाऊन बसली आहे.

तुमच्यापैकी ज्येष्ठ मंडळींना बेनेडिक्टचं निळं द्रावण आठवत असेल. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते दिलं. परीक्षानळीत पाच मिलिलिटर द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि विटकरी झालं तर भरपूर. स्वस्त आणि सुटसुटीत, पण ते मोजत होतं लघवी. रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेल्याशिवाय मूत्रपिंड ती लघवीत सोडत नाही. शिवाय ही लघवी गेल्या काही तासांत साठलेली. म्हणजे तुम्हाला कळायचं ते मघाचं, आत्ताचं नव्हे. आणि साखर १५० आहे की ४५, दोन्हीला रंग निळाच! ज्याचा जीव साखर उतरल्याने धोक्यात आहे, त्याला ही नळी काहीच सांगत नव्हती.

१९६५ मध्ये अमेरिकेतल्या एम्स कंपनीने रक्तासाठी पट्टी आणली, डेक्स्ट्रोस्टिक्स. पट्टीच्या टोकावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम. ते फक्त ग्लुकोजवर काम करतं आणि शेवटी निळसर रंग उमटतो. पण वापरायची पद्धत ऐका. चांगला मोठा थेंब पट्टीवर पसरायचा, घड्याळात बरोबर साठ सेकंद मोजायचे, मग पाण्याच्या बारीक धारेने एक-दोन सेकंदांत रक्त धुऊन टाकायचं आणि लगेच रंग तक्त्याशी जुळवायचा. सेकंद जास्त झाले की रंग गडद. जोरात धुतलं की फिका. त्या काळात चूक बसली होती ती घड्याळात, पाण्याच्या धारेत आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांत.

डोळ्यांचा प्रश्न सोडवायला अँटन क्लेमेन्स यांनी एक यंत्र केलं. पट्टीवर प्रकाश टाकायचा, परत किती येतो ते मोजायचं आणि काट्यावर आकडा दाखवायचा. १९७० च्या सुमारास आलेलं हे एम्स रिफ्लेक्टन्स मीटर. वजन सव्वा किलोच्या आसपास, किंमत शेकडो डॉलर. आणि ते रुग्णासाठी नव्हतंच! ते दवाखान्यासाठी, डॉक्टरांसाठी होतं.

इथे रिचर्ड बर्नस्टीन येतात. पेशाने इंजिनियर. बाराव्या वर्षापासून, म्हणजे १९४६ पासून मधुमेही. त्यांनी या यंत्राची जाहिरात वाचली. कंपनी डॉक्टरशिवाय कोणाला ते विकेना. पण त्यांची पत्नी डॉक्टर होती, तिच्या नावावर मागवलं. मग हा माणूस दिवसातून पाच-सहा वेळा स्वतःचं बोट टोचून आकडे लिहू लागला. काय खाल्लं की किती चढते, किती इन्सुलिनने किती उतरते, असा इंजिनियरी हिशेब. मघाशी आत्याच्या ‘एका युनिटला ३० ते ४०’ असं म्हटलं, तो हिशेब घरबसल्या करता येतो हे दाखवणाऱ्या पहिल्या माणसांपैकी हे एक. त्यांचा लेख वैद्यकीय नियतकालिकं छापेनात. तेव्हा वयाच्या पंचेचाळिशीत त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातलं आणि डॉक्टर झाले. चिडून शिकणाऱ्यांचं मला नेहमी कौतुक वाटतं.

१९७८ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या दोन गटांनी, लंडन आणि नॉटिंगहॅमच्या, ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की रुग्ण घरी स्वतःची साखर तपासू शकतात. त्यानंतर यंत्र घरात शिरलं. १९८७ पर्यंत पुसण्या-धुण्याची कटकट नसलेलं मीटर आलं, आणि त्याच सुमारास बेडफर्डजवळच्या क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्डच्या संशोधनातून रंगाऐवजी विजेचा सूक्ष्म प्रवाह मोजणारं, पेनाएवढं मीटर बाजारात आलं. आजचं तुमच्या कपाटातलं ग्लुकोमीटर याच कुळातलं. पट्टी स्वतःच रक्त ओढून घेते, वेळ स्वतः मोजते, पाचएक सेकंदांत आकडा देते.

म्हणजे घड्याळ गेलं, धार गेली, डोळे गेले. मग चूक गेली कुठे? ती बोटावर आली. कारण यंत्र जितकं सुधारलं तितका थेंब लहान झाला. जुन्या पट्टीला भलामोठा थेंब लागायचा, आजच्या पट्टीला एक मायक्रोलिटर किंवा त्याहूनही कमी पुरतो. आता हा हिशेब बघा. एक मायक्रोलिटर रक्तात एक मायक्रोग्राम ग्लुकोज बाहेरून मिसळलं, तर आकडा बरोबर १०० ने वाढतो. साखरेचा एक दाणा साधारण अर्ध्या मिलिग्रामचा धरला, तर त्याच्या पाचशेव्या भागाएवढं हे वजन. डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. आंब्याच्या रसात ग्लुकोज असतंच. वाळलेला पातळ थर बोटावर राहिला, त्यावर रक्ताचा थेंब उभा राहिला, थर विरघळला, झालं. मशीनने जे पट्टीत आलं ते प्रामाणिकपणे मोजलं.

‘पण स्पिरिट लावलं होतं ना?’ आत्याचा हाच प्रश्न. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. संत्रं, द्राक्षं, किवी सोलून झाल्यावर न धुतलेल्या बोटाचे आकडे खूप जास्त आले. अल्कोहोलचा बोळा पुन्हा पुन्हा फिरवूनही ते जास्तच राहिले. नळाखाली हात धुतल्यावर मात्र ठीक आले. स्पिरिट जंतू मारतं, साखर धुऊन काढत नाही. तिला पाणीच लागतं.

म्हणून पद्धत अशी. साबण आणि कोमट पाण्याने हात धुवा. कोमट अशासाठी की बोटात रक्त उतरतं. मग पूर्ण कोरडे करा. ओलं बोट रक्त पातळ करतं आणि आकडा खोटा कमी येतो, ही तर उलटी आणि फसवी चूक. हात थोडा वेळ खाली सोडा. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, तिथे दुखतं कमी. थेंब येत नसेल तर तळव्याकडून टोकाकडे हळूच चोळा, पण टोकाला पिळू नका. पिळल्याने पेशींमधलं पाणी रक्तात मिसळतं. पट्टीची कड थेंबाला लावा आणि तिला ओढू द्या. कमी पडलं म्हणून वर दुसरा थेंब द्यायचा नाही, नवी पट्टी घ्यायची.

आणि पट्टीची डबी. त्या विकराला दमट हवा सोसत नाही. कोकणात पावसाळ्यात डबी उघडी राहिली, की तारीख शिल्लक असूनही पट्ट्या बिघडू शकतात. डबीचं झाकण एक पट्टी काढताच घट्ट लावा. मीटरसोबत किंवा वेगळं मिळणारं कंट्रोल सोल्यूशन अशा शंकेसाठीच असतं. त्याचा आकडा डबीवर छापलेल्या पट्ट्यात बसला नाही, तर ती डबी टाकून द्या.

एवढं करूनही यंत्राला थोडी सूट असते. आयएसओच्या २०१३ च्या मानकाप्रमाणे शंभराच्या वरचे शंभरातले ९५ आकडे प्रयोगशाळेच्या १५ टक्क्यांच्या आत असावेत. आत्याचे १२६ म्हणजे १०७ ते १४५ मधलं काहीतरी. शेजारच्या मीटरवर १३५ आले म्हणून भांडायचं कारण नाही. ॲनिमिया असेल तर मीटर जास्त दाखवू शकतं, ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता आकडा आल्यावर काय? ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात. म्हणजे साधारण १५ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. घाम, थरथर, गोंधळ दिसतोय आणि मीटर जास्त किंवा नीट आकडा दाखवतंय, तर हात धुऊन पुन्हा तपासा. ते जमत नसेल तर लक्षणांवर विश्वास ठेवा आणि साखर द्या. उलट, धुतलेल्या हाताने दोनदा तीनशेच्या वर आला आणि सोबत उलट्या, पोटदुखी, धाप असेल, तर तक्त्यात बोट फिरवत बसू नका, डॉक्टरांना गाठा.

आणि एक जागा अशी आहे जिथे आंबा पुन्हा परत येतो. साखर उतरली म्हणून घाईत साखर खाल्ली, चार कण बोटाला लागले. चहाच्या साखरेचा कण पट्टीला फारसा कळत नाही, कारण ती सुक्रोज असते. पण ग्लुकोजची पावडर, मध किंवा फळाचा रस दिला असेल, तर त्याच बोटावर पंधरा मिनिटांनी छान १४० येतो आणि सगळे निर्धास्त होतात, आत मात्र साखर ६० च असते. त्या पंधरा मिनिटांत हात धुऊन घ्यायचे.

आत्याच्या वहीत त्या दिवसाच्या ओळीत ३१८ खोडून त्यापुढे १२६ लिहिलेले आहेत, आणि बाजूला तिच्या बारीक अक्षरात ‘आंबा’.