लाकडी दारे व खण : पावसाळ्यातील फुगणे

हवेतील दमटपणा शोषून लाकूड आडवे वाढते. त्यामुळे दार चौकटीत किंवा ड्रॉवर आपल्या कप्प्यात घट्ट बसतो. वैनगंगेच्या खोऱ्यातील, तलाव आणि भातशेतीच्या भंडारा जिल्ह्यात ही तक्रार साधारण जुलैपासून ऐकू येऊ लागते. उन्हाळा आणि पावसाळा यांच्या हवेत इथे फार मोठा फरक पडतो. मे महिन्यातील दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता २०–२५ टक्क्यांपर्यंत उतरते, तर ऑगस्टमध्ये ती बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर राहते.

कारण : लाकूड तोडून वाळवले तरी त्याचे तंतू भोवतालच्या हवेप्रमाणे पाणी घेत आणि सोडत राहतात. उन्हाळ्यात घरातील लाकडात वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी असेल, तर भर पावसाळ्यात ते १६ टक्क्यांच्या आसपास जाते. हे पाणी तंतूंच्या भिंतींत शिरते. त्यामुळे लाकूड रेषांच्या लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र वाढते. वार्षिक वलयांना समांतर कापलेली सागवानी फळी दर १ टक्का पाण्यामागे रुंदीत सुमारे ०.२ टक्के वाढते. वलयांना काटकोनात कापलेल्या फळीची वाढ त्याच्या निम्मी असते. बहुतेक लाकडांच्या मानाने साग कमी फुगतो, म्हणून दारांसाठी त्याला मागणी असते.

उदाहरण : सागवानी टेबलाच्या ड्रॉवरची दर्शनी पट्टी १५० मिमी उंच आहे आणि उन्हाळ्यात तिच्या वर १.५ मिमी फट ठेवली आहे, असे धरू. पट्टीच्या रेषा आडव्या असतात, त्यामुळे ड्रॉवरची लांबी-रुंदी बदलत नाही, वाढते ती उंची. पाणी ८ टक्क्यांनी वाढल्यास ही वाढ १.६ टक्के, म्हणजे २.४ मिमी होते. फट पुरत नाही आणि ड्रॉवर वर घासून अडकतो. पॅनलच्या दारात दोन्ही बाजूंच्या १०० मिमी रुंद उभ्या पट्ट्या मिळून सुमारे ३ मिमी वाढतात. मधले पॅनल खाचेत सैल बसवलेले असते, म्हणून त्याची वाढ खाचेतच सामावते. पॅनल खाचेत चिकटवून टाकले, तर ते पट्ट्यांना बाहेर ढकलते किंवा स्वतः वाकते.

निदान : अडकणारे प्रत्येक दार फुगलेलेच असते असे नाही. बंद दाराच्या कडेने पोस्टकार्ड फिरवावे. कुलपाच्या बाजूला वरपासून खालपर्यंत कुठेच कार्ड जात नसेल, तर दार फुगले आहे. फक्त वरच्या कोपऱ्यात अडत असेल आणि दार खाली फरशीला घासत असेल, तर वरची बिजागरी सैल होऊन दार ओळंबले आहे. अशा दाराला रंधा मारला, तर दिवाळीनंतर तिथे तिरकी फट दिसते.

उपाय : आधी बिजागऱ्यांचे स्क्रू आवळावेत. भोक मोठे झाले असल्यास त्यात गोंद लावलेली बांबूची काडी ठोकून गोंद वाळू द्यावा आणि मग स्क्रू बसवावा, किंवा चौकटीत खोल जाणारा ५० मिमीचा स्क्रू वापरावा. दार फुगले असेल आणि बिजागरीच्या बाजूला फट शिल्लक असेल, तर बिजागऱ्यांच्या खाचा पटाशीने १ मिमी खोल कराव्यात. दार तेवढेच त्या बाजूला सरकते आणि कुलपाची कड मोकळी होते. बिजागरीच्या बाजूला फट नसेल, तर हा उपाय करू नये. दार बंद होताना बिजागरीवर ताण येतो आणि स्क्रू उपटतात. कडी कोयंड्यात बसत नसेल, तर कोयंड्याचे भोक कानशीने वाढवावे.

लाकडी पट्ट्यांवर सरकणाऱ्या ड्रॉवरच्या पट्ट्यांना मेणबत्ती घासावी. तेल लावू नये, त्यावर धूळ चिकटते. लोखंडी चॅनलवरील ड्रॉवर वर घासत असल्यास चॅनलच्या लांबट छिद्रांतील स्क्रू सैल करून तो १–२ मिमी खाली उतरवता येतो. कपाटाच्या आतल्या ऑटो बिजागरीचा पुढचा स्क्रू फिरवल्यास दार सुमारे २ मिमी डावी-उजवीकडे सरकते.

मर्यादा : बिजागरीच्या फेरफाराने साधारण २ मिमीपर्यंतची अडचण सुटते. त्याहून जास्त घासत असेल, तर पावसाळ्यात ती जागा पेन्सिलीने आखून ठेवावी आणि लाकूड हिवाळ्यात वाळल्यावर तेवढीच रंधावी. रंधलेल्या कडेला लगेच रंग किंवा पॉलिश द्यावे. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडा बहुधा कोऱ्याच राहतात, त्याही रंगवाव्यात. रंगामुळे ओल आत शिरण्याचा वेग कमी होतो, ती पूर्ण थांबत नाही. पुराच्या पाण्यात बुडालेले दार महिनाभर तरी सावलीत, हवेशीर जागी वाळू द्यावे. भुश्याच्या दाबीव फळ्या पाण्याने फुगल्यास पूर्ववत होत नाहीत, त्या बदलाव्याच लागतात.

नवे दार मे महिन्यात बसवताना बाजूंना ३ मिमी फट ठेवावी. ऑगस्टमध्ये बसवताना १.५ मिमी पुरते.